परत आलेली फी

मंडईमागच्या एका छोट्या सहकारी बँकेत मी पैसे पाठवण्याच्या काउंटरवर बसत असे. आमचे एक जुने खातेदार होते, पुस्तकबांधणी करणारे. त्यांना सगळे चाचा म्हणत. एके सकाळी ते मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी भरायला आले. कॉलेजचं खातं एका मोठ्या बँकेत होतं आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. त्यांनी दिलेल्या कागदावरून मी एनईएफटीचा अर्ज भरला, पावती दिली आणि म्हणाले, "तासाभरात पोचतील."

तीन वाजता ते परत आले. "मॅडम, कॉलेजवाले म्हणतात, काही आलेलं नाही."

"सिस्टिम स्लो आहे, चाचा. पोचतील."

ते बाकावर बसून राहिले. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं. शेवटी मी मुख्य कार्यालयाला फोन लावला.

तिथला अधिकारी कोरडेपणाने म्हणाला, "यूटीआर नंबर सांगा."

पाठवलेल्या पैशांचा माग काढायचा तो क्रमांक; मी पावतीवरचा नंबर वाचला.

"हा आपला व्हाउचर नंबर झाला. यूटीआर आपले पैसे पाठवणारी मोठी बँक देते, आपण नाही."

इतकी वर्षं मी लोकांना तोच नंबर देत आले होते. आमची बँक थेट जोडलेली नव्हती, हे मला ऐकून माहीत होतं. शाखांचे अर्ज मुख्य कार्यालयात गोळा होत, तिथून फाइल दुसऱ्या एका मोठ्या बँकेकडे जाई आणि ती आमच्या वतीने पैसे पाठवी. आमची शेवटची फाइल दुपारीच जायची. त्यानंतरचे अर्ज दुसऱ्या दिवशी. एनईएफटी चोवीस तास चालते, आमची फाइल मात्र नाही.

थोड्या वेळाने त्या अधिकाऱ्याचा फोन आला. चाचांची नोंद नाकारली गेली होती. कॉलेजची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती आणि कागदावरचा आयएफएससी कोड बंद पडला होता. कागद मागच्या वर्षीचा, शेजारच्या मुलीच्या फीचा. तारीख मीही पाहिली नव्हती.

मी चाचांना सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट.

"म्हणजे पैसे सुरक्षित आहेत ना?"

"हो. उद्या सकाळी खात्यात परत जमा होतील."

"मग तुम्ही रडता कशाला?"

मी रडत नव्हते. मान खाली घालून कागदावरची तारीख पाहत होते.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला फोन करून नवा कोड आणि खाते क्रमांक घेतला, एकेक आकडा चाचांकडून मोठ्याने वाचून घेतला आणि अर्ज पहिल्याच फाइलमध्ये घातला. खात्यावरचं नावही विचारून ते कॉलेजचंच असल्याची खात्री केली, कारण तेव्हा पैसे खाते क्रमांकावरच जमा होत, नाव कोणी ताडून पाहत नसे. दीडच्या सुमारास खरा यूटीआर हातात आला. तो मी कॉलेजच्या लेखनिकाला कळवला, तेव्हा तो म्हणाला, "आले. एवढी विचारपूस काल केली असती तर?"

खरंच होतं ते. चाचा मात्र मुलीला फोन करायला बाहेर पळाले होते, चष्मा माझ्याच काउंटरवर विसरून.