कोटाखालचा सदरा

सीपरी बाजारातल्या ज्या फोटो स्टुडिओत मी कॉम्प्युटरवर काम करते, तिथे माणसांना कोट घालण्याचं काम चालतं, काढण्याचं नाही. नोकरीच्या फॉर्मसाठी पोरं टी-शर्टात येतात, मी पाच मिनिटांत त्यांना काळा कोट आणि टाय घालून घरी पाठवते. एकच कोट बारा वर्षं मी निम्म्या झाशीच्या खांद्यांवर चढवला आहे. त्यामुळे गेल्या वर्षी काकू दुकानात आल्या आणि म्हणाल्या, “ह्यांचा कोट काढून दे,” तेव्हा मला आधी कळलंच नाही की ही बाई काय मागते आहे.

काकू आमच्याच, झाशीतल्या मराठी लोकांपैकी. माझे वडील रेल्वेत होते, काकूंचे यजमान रेल्वेत तिकीट तपासनीस. काकू दुकानात आल्या त्याच्या वर्षभर आधी यजमान वारले. वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं होतं आणि त्या दिवशी बैठकीत त्यांचा मोठा फोटो लावायचा होता. काकूंनी काउंटरवर ठेवलेला फोटो निवृत्तीच्या दिवशीचा. टेबलावर दोन्ही हात ठेवून बसलेला एक किडकिडीत गृहस्थ, अंगात काळा कोट, गळ्यात टाय, छातीवर नावाची पट्टी. चेहरा असा, की बघणाऱ्याने नकळत खिशात तिकीट चाचपावं.

“काकू, छान आहे की फोटो. कोटात रुबाबदार दिसतात,” मी म्हटलं.

“रुबाब जाळायचाय? कोट अंगात असला की हे ड्युटीवर असत. घरातसुद्धा. दारातून आत आले तरी कोट खुंटीला लागेपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलायचे नाहीत. लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेराहून परत आले, तर गाडीत ह्यांनीच माझं तिकीट तपासलं. ओळख दाखवली नाही. घरी येऊन कोट काढला आणि मग विचारतात, प्रवास कसा झाला?”

मी हसले. काकू हसल्या नाहीत.

“वर्ष झालं गं. हा फोटो कपाटावर ठेवलाय. रोज समोर उभी राहते आणि तोंडच उघडत नाही माझं. कोटातल्या माणसाशी काय बोलायचं? आता हाच भिंतीवर लागला, तर उरलेलं आयुष्य मुकं जायचं.”

दुसरा फोटो नव्हता. लग्नातल्या फोटोत सूट होता. आधार कार्डावर सदरा होता, पण तिथे ते नुकतेच पकडलेल्या चोरासारखे दिसत होते. दुकानाचे मालक, ज्यांना सगळा बाजार भैयाजी म्हणतो, छातीवर हात ठेवून म्हणाले, “अम्मा जी, हो जाएगा. दीदी के लिए तो बाएँ हाथ का खेल है.” दीदी म्हणजे मी. माझ्या डाव्या हाताच्या भरवशावर भैयाजींनी आजवर पुष्कळ शब्द दिले आहेत.

हल्ली कॉम्प्युटरला सांगितलं की तो झाकलेलं स्वतःच रचून देतो. त्याला काही दिसत नसतं, तो अंदाजपंचे दाहोदरसे करतो, पण लाखो सदरे बघून ठेवलेले असल्यामुळे अंदाज मोठ्या ऐटीत करतो. मी कोटाभोवती माउसने रेघ ओढली, कडेच्या जराशी बाहेरून, नाहीतर काळी किनार मागे राहते. चेहरा आणि हात वगळले, कारण ते बदलू द्यायचे नव्हते. लिहिलं: पांढरा सदरा, साधा. बटण दाबलं.

पहिल्या खेपेला कोटाएवढ्या जागेत त्याने कोटाएवढाच सदरा भरला. कोटाच्या खांद्यांत भरण असतं, ते त्याला कुठून ठाऊक! काकूंचे यजमान पहिलवान होऊन बसले. “हे कोण?” काकूंनी विचारलं. “कोट काढला की हे निम्मे उरायचे.” मग मी मूळ खांद्यांच्या आत नवे खांदे आखले आणि सुटलेल्या जागी मागची भिंत भरून घेतली.

दुसऱ्या खेपेला बटणपट्टी बायकांच्या ब्लाउजसारखी उजवी बाजू वर घेऊन आली. तिसऱ्या खेपेला टाय गेला, पण उघड्या कॉलरमध्ये सोन्याची साखळी चमकू लागली. नावाची पट्टी कोटाबरोबर जायची ती सदऱ्यावर उतरली आणि तिच्यावर जगातल्या कुठल्याच लिपीत नाही असं काहीतरी लिहिलेलं. भैयाजींनी ते चष्मा लावून वाचायचा प्रयत्न केला, याचं मला अजून नवल वाटतं.

चौथा सदरा मात्र झकास उतरला. टोकदार कॉलर, कडक कफ, कफांना चकचकीत बटणं. काकूंच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला, तो भोपाळला असतो. तो म्हणाला, “आई, मस्त आहे! एकदम पापा. बस, फाइनल कर दो.”

काकू पडद्याजवळ गेल्या. कॉलर बघितली, कफ बघितले, आणि म्हणाल्या, “हा सदरा ह्यांचा नाही. कोणाचा तरी चोरून घातलाय.”

मला राग आला. खरंच आला. सकाळपासून चार वेळा एका माणसाला कपडे चढवत होते आणि त्याच्या बायकोला चोरी दिसत होती. “काकू, कोटाखाली काय होतं ते कोणी बघितलंय?” मी जरा चढ्या आवाजात म्हटलं.

“मी बघितलंय,” काकू म्हणाल्या. “मीच शिवलंय.”

दुसऱ्या दिवशी त्या पिशवीतून तो सदराच घेऊन आल्या. निवृत्तीच्या दिवशी घातलेला. काउंटरवर पसरला तेव्हा मी आणि भैयाजी वाकून बघू लागलो. सदरा धुऊन धुऊन पिवळट पडलेला, पण कॉलर आणि कफ पांढरेशुभ्र. काकूंनी उलगडून सांगितलं. कोटाबाहेर दिसतं काय, तर कॉलर आणि बोटभर कफ. ते विरले की त्या सदऱ्याचा खालचा घेर कापायच्या. पँटमध्ये खोचलेल्या त्या कापडाला ना ऊन लागायचं ना घाम. त्यातून नवी कॉलर, नवे कफ. आणि कापलेल्या घेराच्या जागी मिळेल ते कापड. या सदऱ्याला जुन्या चादरीचं होतं, त्यावर मोठाली गुलाबी फुलं.

म्हणजे अख्ख्या गाडीला धाकात ठेवणारा हा माणूस कंबरेखाली गुलाबी फुलं खोचून फिरत होता. मला हसू आवरेना आणि या वेळी काकूही हसल्या. “बसताना जपून बसायचे,” त्या म्हणाल्या.

कॉम्प्युटर बिचारा काय करणार? त्याच्या हिशेबी सदरा एकरंगी असतो. आता खऱ्या सदऱ्याचा फोटो काढूनच बसवायला हवा होता, आणि त्यासाठी तो कोणीतरी अंगात घालून तसंच टेबलाशी बसायला हवं होतं. मी भैयाजींकडे बघितलं.

“हम?” भैयाजी म्हणाले. “दीदी, स्वर्गवासी की कमीज?”

काकू म्हणाल्या, “भैया, धुली हुई है.”

भैयाजींनी आधी उदबत्ती लावली, सदऱ्याला हात जोडले, मोठ्याने म्हणाले, “बाबूजी, माफ करियो, काम से पहन रए हैं,” आणि मग घातला. पोटावर तीन बटणं लागेनात. ती तशीच सोडली, फोटोत पोटाचा भाग टेबलाआडच राहणार होता. मूळ फोटोत खिडकी डावीकडे होती म्हणून दिवा डावीकडे ठेवला. काकूंनी स्वतः पुढे होऊन भैयाजींच्या कफांची बटणं सोडली आणि दोन्ही कफ एकेक घडी वर दुमडले. “कोट काढला की आधी हे करायचे,” त्या म्हणाल्या. भैयाजी श्वास रोखून बसले होते, मान ताठ, डोळे मिटलेले.

मग मी दोन दिवस घालवले. खांदे बारीक केले, कॉलरखाली मानेवर पडते ती सावली दिली, भैयाजींच्या मनगटावरचे केस घालवले. पिवळट सदरा, पांढरी कॉलर, पांढरे दुमडलेले कफ. जगातला कुठलाही कॉम्प्युटर स्वतःहून असं रचणार नाही, आणि रचलं तर लोक म्हणतील चुकलं.

काकू आल्या. बघितलं. हात पडद्यापर्यंत गेला. ओठ हलले आणि मला वाटलं, आता बोलणार. पण त्या माझ्याकडे वळल्या.

“आणि कोट?”

“काढला की, काकू.”

“काढला ते दिसतंय. ठेवला कुठे?”

भैयाजी हसले आणि काकूंचा चेहरा बघून थांबले.

“हे कोट टाकून बसणारे नव्हते,” काकू म्हणाल्या. “सरकारी कोट. खुंटीला नीट लागला नाही तर पानावर बसायचे नाहीत. असा कुठेतरी हरवलेला कोट घेऊन हे बोलतील माझ्याशी?”

वर्षश्राद्धाला दोन दिवस उरले होते. शहाणं माणूस इथे हात टेकतं. मी टेकले नाहीत, कारण मला ते पटलं, आणि पटलं म्हणून स्वतःचाच संताप आला. फोटोतून कापलेला कोट माझ्याकडे होता, पण तो बसलेल्या माणसाच्या आकाराचा. खुंटीवर लावला तर माणूसच लटकल्यासारखा दिसला असता. “घरी कोट आहे अजून?” मी विचारलं.

“खुंटीवरच आहे. कोण काढणार?”

संध्याकाळी प्रेम नगरला त्यांच्या घरी गेले. दाराआड लाकडी खुंटी, तिच्यावर कोट. वर्षाची धूळ खांद्यांवर. काकू झटकायला निघाल्या, मी थांबवलं, मग म्हटलं झटका. डावीकडून उजेड घेऊन फोटो काढला. तो त्यांच्या यजमानांच्या मागे भिंतीवर बसवला, किंचित धूसर, सावली उजवीकडे.

श्राद्धाच्या दिवशी जेवणं आटोपली, मुलगा पाहुण्यांना सोडायला गेला. मी पानं उचलत होते. बैठकीत काकू फोटोसमोर उभ्या होत्या. त्यांनी आधी खुंटीवरच्या कोटाकडे बघितलं, मग दुमडलेल्या कफांकडे.

“आलात?” त्या म्हणाल्या.

आणि पदर खोचून, वर्षभराचं साठलेलं एकदम बाहेर आल्यासारख्या सांगत सुटल्या, की गच्चीवरची टाकी गळते आहे, पोराला दहादा सांगितलं, ऐकत नाही.