दहावं कुटुंब

वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या त्या गल्लीत घरं नऊ आणि माणसं चाळीस. सुटा गठ्ठा घेणाऱ्याच्या गळ्यात व्यापारी तळातला, कीड लागलेला वेत मारायचा. ट्रकभर माल घ्यायचा तर संस्था हवी, आणि संस्थेला दहा सभासद. तेही दहा वेगळ्या कुटुंबांतले.

"नवाचे दहा कुठून करू?" संस्था काढायला पुढे झालेल्या मुख्य प्रवर्तकानं कपाळाला हात लावला. मग त्याची नजर थोरल्या बहिणीकडे गेली.

गल्ली तिला आत्या म्हणते. तरुणपणी नवरा वारला, तेव्हापासून ती या भावाकडेच. राहायला मागची खोली, काम अंगणात, जेवण सगळ्यांबरोबर. खुर्चीच्या पाठीच्या विणीत तिचा हात धरणारं गल्लीत कोणी नाही.

"कागदापुरतं वेगळं व्हायचं, आक्का."

"कागदाला चूल लागते का रे?"

लागत होती. तपासणीला माणूस येणार होता. भाऊ म्हणाला, "नवीकोरी चूल बघितली की तो ओळखेल. राख दिसायला हवी." म्हणून आत्यानं आठ दिवस आधीच मागच्या खोलीत स्वयंपाक सुरू केला. वहिनीनं दोन पातेली, एक तवा दिला.

तपासनीस आला. चूल पाहिली, दोन बाजूंना दोन दारं पाहिली.

"एकटीचं कुटुंब? भांडायला तरी कोणी हवं ना, बाई!"

"भांडायला भाऊ आहे की भिंतीपलीकडे."

तो हसला आणि त्यानं लिहिलं : कुटुंबातील माणसं, एक. आत्यानं वाचून सही केली.

दोन महिन्यांनी नोंदणीचा दाखला आला. पहिल्या सभेत भावाला एक मत, तिलाही एक. आयुष्यात पहिल्यांदाच दोघांचं वजन सारखं भरलं. मग ट्रक आला. लांब, सरळ, पिवळाधमक वेत. मागणीप्रमाणे दहा वाटे पडले.

"माझा कुठे टाकू?" आत्यानं विचारलं. आजवर दोघांचा वेत एकाच हौदात भिजायचा.

"तुझ्या दारात," भाऊ यादीवरची नजर न काढता म्हणाला. त्यात वाईट काही नव्हतं. हिशेब तपासणारा येईल तेव्हा सभासदाचा माल सभासदाकडे दिसायला हवा.

चूल मोडायचं कोणी काढलं नाही. दुसरी तपासणी कधीही होऊ शकते, असं भाऊ म्हणत राहिला. पुढेपुढे तेही म्हणेनासा झाला. वहिनीनं पातेली परत मागितली नाहीत.

आत्यानं हौद मागितला नाही. जुन्या पिंपात वेत भिजवला, दुपारभर विणत बसली. वेत इतका चांगला की एकही काडी तुटली नाही.

दिवेलागणीला भिंतीपलीकडून ताटं मांडल्याचा आवाज आला. मग वहिनीची हाक.

"वन्सं, जेवलात का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्या घरात तिला कोणी विचारला नव्हता.

"जेवले," आत्या म्हणाली, आणि तांदूळ धुवायला उठली.