ब्लीचला मुदतवाढ नसते

दौंडच्या तहसील कचेरीबाहेर मी गेली अनेक वर्षे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि मुदतवाढीचा अर्ज माझ्याइतका नेमका लिहिणारा तालुक्यात विरळा, हे कचेरीतले कारकूनही मान्य करतात. मुदतवाढ या एका शब्दाने मात्र माझ्या घरीच घात केला.

यवतला आमच्या पुढच्या खोलीत पत्नीचे ब्यूटी पार्लर आहे. त्या रविवारी कासुर्डीची एक मुलगी केसांच्या काही बटा सोनेरी करून घेण्यास आली होती. आठ दिवसांवर तिचे लग्न होते. पत्नीने ब्लीचची पावडर व डेव्हलपरचे द्रावण पाकिटावरील प्रमाणात कालवून बटांना लावले, त्या फॉइलमध्ये गुंडाळल्या आणि दर पाच मिनिटांनी एक फॉइल उघडून पाहू लागली. पाकिटावर कमाल वेळ पस्तीस मिनिटे छापलेली होती. तेवढ्यात गॅसची गाडी आली.

"मी सिलिंडर घेऊन येते. पस्तीस झाली की हाक मारा," असे सांगून ती बाहेर गेली.

पस्तीस मिनिटे झाली. मुलगी आरशात पाहून म्हणाली, "काका, अजून नारिंगीच दिसतंय वो. दहा मिनिटं राहू द्या की."

कोणत्याही मुदतीला योग्य कारणास्तव सवलत असते, हा माझा अनुभव. मी पाच मिनिटे मंजूर केली.

पत्नी आली, घड्याळ पाहिले आणि म्हणाली, "तुम्हाला घड्याळ बघायला सांगितलं व्हतं, निकाल द्यायला न्हाई!"

तिने पहिली फॉइल उघडली. ओल्या कापसाने बटेवरचा लेप पुसला, कारण लेपाखाली खरा रंग कळत नाही. मग दोन-तीन केस बोटांत धरून हळूच ताणले. ते च्युइंगगमसारखे लांबले आणि आखडले नाहीत. बाकीच्या बटा ताणून पूर्ववत झाल्या.

"चांगला केस ताणला की परत जागेवर येतो. ह्यो आला न्हाई. चल, बेसिनपाशी," ती म्हणाली आणि कोमट पाण्याने सगळेच धुऊ लागली.

"पर काकू, रंग अजून उतरला न्हाई ना!" मुलगी रडवेली झाली.

"रंग टोनरनं सुधारता येतो. आजच्या आज परत ब्लीच मात्र लावणार न्हाई. रंग थांबला तरी ब्लीच केसाच्या आत खातच ऱ्हातं. केस तुटला तर काय लावू?"

टोनरनंतर बाकीच्या बटा मधाळ सोनेरी झाल्या. पहिली बट मात्र विंचरताना चार बोटे तुटून हातात आली. मुलीने ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिले.

"काका, आता हिला परत आणायचा अर्ज लिहा."

तुटका भाग पत्नीने लग्नाच्या दिवशी गजऱ्याखाली लपवला. मी मांडवात नवरीच्या वडिलांशेजारी बसलो होतो; ते माझ्या अर्जांची स्तुती करत होते. माझी नजर त्या गजऱ्यावरून हलत नव्हती.