आक्कांची कूस

खंडोजी पवार हे देवासच्या एका शाळेत पीटीचे सर होते. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी आमच्या गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही. भाजीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे 'सर' म्हणतात. त्यांना मात्र एकच माणूस 'खंड्या' म्हणतं, त्यांची थोरली बहीण उमाबाई, म्हणजे आमच्या आक्का. आई लवकर गेली, तेव्हा आक्कांनीच त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, कबड्डीत गुडघा फोडून आले की हळद लावली. आक्कांना मूलबाळ नाही. यजमान गेल्यावर त्या सतवासचं घर बंद करून भावाकडे आल्या आणि इथल्याच झाल्या.

मागल्या हिवाळ्यात मणक्याच्या दुखण्यानं आक्कांचे दोन्ही पाय गेले. वय बघता डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं. कमरेखाली त्यांना फारसं काही कळत नसे. हात आणि जीभ मात्र पहिल्यासारखीच चालू. सरांनी हॉलमध्ये टीव्हीसमोर पलंग लावला आणि बहिणीची सेवा स्वतःकडे घेतली. पाठीशी उशांची चवड रचून ते आक्कांना सकाळी बसतं करत, त्या थेट झोपेपर्यंत तशाच. दुपारपर्यंत त्या घसरत खाली आल्या की सर काखेत हात घालून त्यांना वर ओढत. कबड्डीचा जुना दम होता, ओढणं जमायचं.

एकदा अंग पुसताना सरलाकाकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, माकडहाडावर रुपयाएवढा जांभळट डाग दिसला. "अहो, हे बघा. कुठं लागलं असेल यांना?"

सरांनी चष्मा लावून पाहिलं. "लागलं नाही, रक्त साकळलंय. तिळाचं तेल गरम कर, रगडून काढतो." खेळाडूंच्या पायात गोळे आले की ते हेच करत आले होते.

तेल गरम होत होतं तेवढ्यात अपेक्षा आली. ही काकूंच्या भावाची मुलगी, सरांना मामा म्हणते, इंदूरच्या एका दवाखान्यात नर्स आहे, सुट्टीला देवासला येते. वाटी बघून तिनं विचारलं, तेव्हा काकूंनी डाग दाखवला. तिनं त्यावर बोट दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं. मग बाजूच्या कातडीवर हात ठेवून पाहिला.

"मामा, तेल राहू द्या. ही बेडसोरची सुरुवात आहे. चांगल्या कातडीवर दाबलं की रंग जरा फिका पडतो आणि परत येतो. इथं पडत नाहीये. आणि हात लावा, बाजूपेक्षा गरम आणि कडक आहे ना? आक्कांचा रंग सावळा, त्यामुळे नुसतं बघून पटकन कळत नाही."

"मग रगडल्यावर मोकळं होईल की."

"उलटं होईल. आतलं मांस दाबानं आधीच दमलंय, रगडलं तर फाटेल. कातडी अजून उघडली नाही हे नशीब. आता तिथला भार काढायचा, बस."

सरांनी कपाटातून हवा भरायचं रबरी कडं आणलं. कुणीतरी दिलं होतं. अपेक्षानं मान हलवली. "हेही नको. मधे मोकळं राहतं, पण कडेनं सगळीकडे दाबतं, मग रक्त आणखी अडतं."

मग तिनं करून दाखवलं. आक्कांना पूर्ण कुशीवर न टाकता पाठीमागे उशी देऊन थोडंसं कललेलं ठेवायचं, म्हणजे माकडहाडही सुटतं आणि कुल्ल्याच्या हाडावरही भार येत नाही. गुडघ्यांमधे उशी. पोटऱ्यांखाली एक उशी, टाचा गादीला टेकणार नाहीत अशी, कारण डाग तिथंही पडतो. दर दोन तासांनी कूस बदलायची. जेवताना बसवा, पण नंतर डोकं जास्त उंच नको, माणूस घसरतो आणि कातडी ताणली जाते. वर घ्यायचं तर ओढू नका, खाली घडीची चादर घालून दोघांनी उचला.

हे सगळं आक्का ऐकत होत्या. "दर दोन तासांनी? मी काय तव्यावरची पोळी आहे? आणि कुशीवर टाकलं तर माझी मालिका कोण बघणार?"

अपेक्षानं आक्कांच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं आणि ती संध्याकाळच्या बसनं इंदूरला गेली. जाताना काकूंना बजावून गेली, फोड आला, कातडी फाटली, पाणी सुटलं, वास आला किंवा ताप आला तर वाट बघायची नाही, डॉक्टर गाठायचा.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी कूस बदलायला साफ नकार दिला. सरही जरा ढिले पडले. "दुखत नाही म्हणतेय ना ती," ते काकूंना म्हणाले, "कशाला त्रास द्यायचा?"

काकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. "तुम्ही पडा बरं त्या दिवाणावर. पाठीवर. आक्का म्हणतील तोवर हलायचं नाही."

सर हसत आडवे झाले. आक्कांना ही कल्पना फार आवडली. त्या पलंगावरून पहारा देऊ लागल्या. थोड्याच वेळात सरांचा पाय सरकला. "खंड्या, पाय हलला." मग पाठ खाजली. "हात खाली." नंतर ते ढुंगणावरचा भार या अंगावरून त्या अंगावर नेऊ लागले. "फाऊल," आक्का म्हणाल्या. मालिका संपायच्या आत सर उठून बसले आणि कंबर चोळू लागले.

"आक्का, कसं सहन करतेस गं?"

आक्का म्हणाल्या, "सहन कुठं करते? तुला कळलं म्हणून तू हललास. मला कळतच नाही रे."

सर उठले, चादर घडी करून आणली आणि काकूंना म्हणाले, "धर त्या बाजूनं."

त्यांनी पलंग फिरवला. एका कुशीला टीव्ही, दुसऱ्या कुशीला रस्त्याकडची खिडकी. खिडकीची पाळी आली की पार्वती भाजीवाली गाडी तिथंच उभी करायची. आक्का आतून भाव करत, "भेंडी कडक आहे का गं?" आणि पार्वती म्हणायची, "जीजी, आप तो देख के ले लो." दुपारी खिडकीच्या पाळीला आम्ही गल्लीतल्या बायका पत्ते घेऊन जात असू. आक्का कललेल्या अवस्थेतही रमीत आम्हाला हरवत. एकदा डाव रंगात असताना सरांनी "पाळी" म्हटलं, तर आक्का म्हणाल्या, "थांब, एक पान हवंय." सरांनी पान पडेपर्यंत वाट पाहिली, पण पुढचा डाव वाटू दिला नाही.

मेडिकलवाल्याकडून हवेची गादी भाड्यानं आली. सरांना वाटलं, आता सुटलो. अपेक्षानं फोनवर सांगितलं, गादीनं मदत होते, कूस बदलणं सुटत नाही. रात्रीच्या पाळ्या नवरा-बायकोनं वाटून घेतल्या. पॅड ओलं झालं की लगेच बदलायचं, कोमट पाण्यानं धुवायचं, घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं, मग मलम. चादरीला सुरकुती दिसली की सर ओढून ताणत, मैदानावर चुन्याच्या रेघा बघाव्यात तशी नजर लावून. आक्कांना रोज अंडं, दही, घट्ट वरण सुरू झालं. अंड्यावरून पहिले दोन दिवस भांडण झालं, तिसऱ्या दिवशी त्यांनी मीठ-मिरी मागितली.

डाग आधी नरम पडला, मग त्याची ऊब गेली. आठवड्याच्या आसपास काकूंनी बोट दाबलं तेव्हा रंग फिका पडून परत आला. त्यांनी सरांना हाक मारली, सरांनी स्वतः दाबून पाहिलं आणि मग आम्हा सगळ्यांना चहा पाजला. आक्का कुशीवरूनच म्हणाल्या, "माझ्या पाठीचा समारंभ चाललाय आणि मलाच दिसत नाही."

परवा सर बागलीला जुन्या सहकाऱ्याकडे गेले होते. या यशवंतरावांचे वडील अंथरुणाला खिळलेत. यशवंतराव माळवी ढंगात सांगत होते, "भिया, सगळं ठीक आहे, गादी एकदम नवी घेतलीय." सरांनी पाणीही घेतलं नाही. म्हाताऱ्यांच्या पायाशी गेले, "बाबासाहेब, जरा बघू का," म्हणाले, पांघरूण वर केलं आणि आधी टाचा पाहिल्या.