लेकीची पदवी आणि दोन पत्रिका

लालासाहेब फडतरे फौजेत चोवीस वर्षं होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतरच्या सव्वीस जानेवारीच्या यादीत त्यांना मानद नायब सुभेदार हा हुद्दा मिळाला. तेव्हापासून वडूजजवळच्या त्यांच्या गावात कुणी नुसतं 'हवालदार' म्हटलं, तर ते चिडत नसत, पण ओ द्यायला क्षणभर उशीर करत. घराच्या दारावरची पाटी त्यांनी दोनदा बदलून घेतली. पहिल्या पाटीवर रंगाऱ्यानं हुद्दा तोडून 'मा. ना. सु.' असं लिहिलं होतं.

अशा माणसाच्या हातून ही गोष्ट घडली, म्हणून ती सांगावीशी वाटते.

त्यांची थोरली मुलगी राजेश्वरी. जिरायती रानात वाढलेली ही पोर मातीवरच शिकली. आधी कृषीची पदवी, मग मृदाशास्त्रात एम.एस्सी., मग त्याच विषयात पीएच.डी. तोंडी परीक्षा झाली, विद्यापीठाचं पत्र आलं, तेव्हाच तिनं नावाआधी डॉक्टर लावलं. त्याआधी कुणी म्हटलं तर ती स्वतःच थांबवायची, "अजून न्हाई, पत्र येऊ द्या." आता ती आष्ट्याजवळच्या एका साखर कारखान्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत कामाला होती.

तिथंच जयराज थोरात उसाच्या रानातली माती पिशवीत घालून घेऊन यायचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, स्वतःची ऊसतोडणी यंत्रं चालवणारा मुलगा. त्याच्या वडिलांनी, मानसिंगरावांनी, रीतसर मागणी घातली. दोन्ही घरांना पसंत पडलं.

आमच्याकडे लग्नाची पत्रिका दोन्ही घरं वेगवेगळी छापतात. मुलीकडची मुलीकडच्या भावकीत फिरते, मुलाकडची मुलाकडच्या. वधूवरांच्या नावाखाली कंसात शिक्षण घालायची पद्धत आहे आणि लोक तारखेच्या आधी तो कंस वाचतात.

लालासाहेब वडूजच्या छापखान्यात गेले. तिथं संगणकावर सोनम नावाची मुलगी अक्षरजुळणी करायची. तिनं नमुना काढून पडद्यावर दाखवला. डावीकडे 'चि. जयराज', खाली 'डी.एम.ई.'. उजवीकडे 'चि. सौ. कां. डॉ. राजेश्वरी', खाली दोन ओळी भरून पदव्या.

लालासाहेब बराच वेळ बघत राहिले. दोन वर्षांपूर्वी फलटणचं एक स्थळ आलं होतं. सगळं जुळलं होतं, आणि शेवटी मध्यस्थानं निरोप आणला होता, मुलगी लय शिकलीया, आमच्या पोराला जड जाईल. तो निरोप त्यांच्या मनातून गेलाच नव्हता.

"उजवीकडलं जरा कमी कर," ते म्हणाले.

"कमी म्हणजे काका? बी.एस्सी. काढू का? तसंही वरची पदवी लिहिली की खालची न्हाई लिहिली तरी चालतंय."

"बी.एस्सी. ठेव. बाकीचं काढ."

सोनमनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. "आणि डॉक्टर?"

"ते बी काढ."

"ताईंना विचारलंय का?"

"तिनंच सांगितलंय," लालासाहेब म्हणाले.

फौजेत असताना त्यांनी खोटं बोलून कधी रजासुद्धा घेतली नव्हती. हे वाक्य मात्र अगदी सहज निघून गेलं.

सोनमनं काढलं. मग खाली निमंत्रकाच्या ओळीशी आली. "काका, तुमची ओळ लांब होतीया. 'मानद ना. सु.' करू का? बसंल नीट."

"न्हाई. पुरं लिही. त्या दोन शब्दांना माझी चोवीस वर्षं गेल्यात."

तिनं अक्षर जरा बारीक करून ते पुरं बसवलं. 'मानद नायब सुभेदार लालासाहेब फडतरे (निवृत्त)'. मग सवयीप्रमाणे विचारलं, "नमुना ताईंच्या फोनवर पाठवू?"

"नको. मीच दाखवतो."

पत्रिका आल्या. पहिली देवापुढं ठेवली. त्यांच्या बायकोनं, लीलाबाईंनी, हळदकुंकू लावलं. त्यांना वाचता येत होतं, पण चष्मा नव्हता. राजेश्वरी आष्ट्यात होती. लालासाहेबांनी मोटारसायकलला पिशवी अडकवली आणि वाटायला निघाले. प्रत्येक घरात ते अक्षता देत, पत्रिका देत आणि लोक ती उघडायच्या आत उठत. "चहा तरी घ्या की सुभेदार," लोक म्हणत. ते म्हणत, "लय घरं राहिल्यात."

कुणीही त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं. मानसिंगरावांनी नाही, जयराजनं तर नाहीच. रात्री जेवताना घास हातात धरून ते हेच मनाशी घोळवत, आणि लीलाबाई विचारत, "मीठ कमी पडलंय का?"

चुलत भाऊ आप्पासो यांची मुलगी आष्ट्यात दिलेली. तिच्याकडून मुलाकडची पत्रिका आप्पासोंच्या घरी आली. एका सकाळी त्यांनी लालासाहेबांना हाक मारली आणि दोन्ही पत्रिका पलंगावर शेजारी शेजारी मांडल्या.

थोरातांच्या पत्रिकेत लिहिलं होतं, 'चि. सौ. कां. डॉ. राजेश्वरी', आणि खाली 'एम.एस्सी. (कृषी), मृदाशास्त्रात डॉक्टरेट'. मुलाच्या नावाखाली एकच छोटी ओळ. दोन्ही नावांचं अक्षर सारखंच मोठं.

"लाला, आपली पोरगी नक्की काय शिकलीया रं?" आप्पासो म्हणाले. "त्यांच्यात डॉक्टर हाय, तुझ्यात बीयस्सी."

लालासाहेबांनी थोरातांची पत्रिका हातात घेतली.

"मी म्हणलं आमच्या पोरीला, आगं बापानं छापलंय तेच खरं आसणार. सासरच्यांनी फुगवलंय. सून मोठी दाखवायला लोक काय बी छापत्यात." आप्पासो हसले. "आता इंजेक्शन द्यायला बोलवा म्हणावं डॉक्टरीणबाईला."

तिथं दोन माणसं आणखी बसली होती. तीही हसली. लालासाहेबांना एवढंच म्हणायचं होतं, न्हाई, त्यांचं खरं हाय. शब्द जिभेवर आलेही. पण मग पुढचा प्रश्न आला असता. ते उठले आणि म्हणाले, "कामं पडल्यात."

छापताना केलेलं एक होतं. हे गप्प बसणं त्याच्याहून वाईट होतं, आणि ते त्यांना घरी पोचायच्या आतच कळलं.

दुपारी मानसिंगरावांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच साधा होता. "आवं सुभेदार, एक विचारू का? आमच्याकडं दोघंतिघं म्हणत्यात, आमीच सुनंची पदवी खोटी छापली. मुलीच्या बापाची पत्रिका येगळी हाय म्हणं. छपाईत चुकलं का?"

"व्हय," लालासाहेब म्हणाले. मग थांबले. "न्हाई. छपाईत न्हाई. मी चुकलो."

 "मग आधी पोरीशी बोला," मानसिंगराव म्हणाले, "तिच्या प्रयोगशाळेतबी ही चर्चा जायला येळ लागनार न्हाई."

शनिवारी संध्याकाळी राजेश्वरी एस.टी.नं आली. लालासाहेब तिला आणायला स्टँडवर गेले. मोटारसायकलवर बसायच्या आधीच त्यांनी खिशातून पत्रिका काढून तिच्या हातात दिली. घरी, लीलाबाईंसमोर, ते जमलं नसतं.

तिनं उभ्याउभ्या वाचली. वरून खाली, शांतपणे, प्रयोगशाळेचा अहवाल वाचावा तशी. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मानद नायब सुभेदार पुरं लिहिलंय आबा. चांगलं दिसतंय."

लालासाहेबांनी मान खाली घातली. ती टोमणा मारत नव्हती, हेच अवघड होतं.

"फलटणचं स्थळ आठवलं गं," ते म्हणाले. "जयराजरावांच्या खाली एक ओळ, तुझ्या खाली दोन. म्हणलं, लोक त्यांना हसतील. पुन्हा मोडायला नको."

"ते स्थळ मोडलं तवा मला वाईट वाटलं न्हवतं. तुमी मध्यस्थाला म्हणाला होता, शिकलीया ती शिकलीया, कमी कसं करू. मी ते आतल्या खोलीतनं ऐकलं होतं." तिनं पत्रिका घडी करून पर्समध्ये ठेवली. "माझ्या मार्गदर्शक मॅडमना दिली का ही?"

"न्हाई. त्यांच्या दारात जायची छाती झाली न्हाई."

"बरं झालं," ती म्हणाली आणि मागं बसली.  एरवी ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसायची. त्या दिवशी तिनं मागची कडी धरली होती.

दुसऱ्या दिवशी दोघं छापखान्यात गेले. लालासाहेबांनी सोनमसमोर आधी कबूल केलं, "त्या दिवशी मी खोटं बोललो पोरी. हिला विचारलं न्हवतं." सोनम म्हणाली, "मला वाटलंच हुतं काका," आणि फाइल उघडली.

मग त्यांनी सगळंच घालायला सांगितलं. "लिही. डॉक्टर. बी.एस्सी., एम.एस्सी., पीएच.डी., नेट. सुवर्णपदक. मोठ्या अक्षरात."

"आबा," राजेश्वरी म्हणाली, "आधी कमी केलं, आता पोतं भरताय व्हय?"

ती सोनमशेजारी बसून सांगू लागली. नावाआधी डॉक्टर लावलं, तर नंतर पीएच.डी. पुन्हा नको, एकच गोष्ट दोनदा कशाला सांगायची. नेट ही परीक्षा आहे, पदवी नाही. ती नोकरीच्या अर्जात. बी.एस्सी. एम.एस्सी.च्या पोटात आलीच. एम.एस्सी.पुढं कंसात 'कृषी' मात्र हवं.

"आणि डॉक्टर नुसतं ठेवलं तर लोक ताप दाखवायला येतील," सोनम म्हणाली.

"आप्पासोकाका आत्ताच इंजेक्शन मागत्यात, आबांनी सांगितलं रात्री," राजेश्वरी पहिल्यांदा हसली. "म्हणून विषय पुरा लिही, दोनदा झालं तरी चालंल. 'मृदाशास्त्रात डॉक्टरेट'. थोरातांच्यात हाय तसंच. माझी ओळ दोन्हीकडं एक दिसली पायजे."

मग ती जयराजच्या ओळीकडं वळली. "हे डी.एम.ई. आपल्याकडं कुणाला कळनार? हे बी पुरं लिही. मेकॅनिकल अभियांत्रिकी पदविका."

लालासाहेब पडद्याकडं बघत राहिले. डावी ओळ लांब झाली होती. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसत होत्या. एवढंच करायचं होतं. त्यासाठी कुणाचं काही काढायची गरज नव्हती.

"माझी ओळ कमी कर," ते सोनमला म्हणाले. "नुसतं लालासाहेब फडतरे लिही."

"न्हाई," राजेश्वरी म्हणाली. "ते खरं हाय. ते ऱ्हाऊ दे."

नव्या पत्रिका पिशवीत घालून ते पुन्हा त्याच घरांना गेले. एकटेच. लोक दारातच विचारत, "तारीख बदलली का?" ते म्हणत, "तारीख तीच. लेकीचं शिकशान मी कमी छापलं हुतं. चूक माझी." काही लोक 'असू द्या' म्हणत. काही बघत राहत. आप्पासोंच्या घरी ती दोन माणसं पुन्हा भेटतील अशी वेळ बघून ते गेले आणि सगळ्यांच्या देखत तेच वाक्य बोलले. आप्पासो हसले नाहीत. "मग त्या दिशी का न्हाई बोललास रं?" एवढंच म्हणाले. 

शेवटचं घर बनाबाईंचं. एकट्या राहतात, वाचता येत नाही. पहिली पत्रिका त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली होती.

"ही दुसरी कशाला?" त्यांनी विचारलं.

"पैल्या पत्रिकेत चुकलं हुतं आक्का. ती द्या परत."

"मला काय कळतंय त्यातलं? वाचून दाखीव मग. त्या दिशी लगीच उठलास तू."

लालासाहेब चुलीजवळ पाटावर बसले. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. 'मृदाशास्त्रात डॉक्टरेट' पाशी बनाबाईंनी थांबवलं.

"म्हंजी काय?"

"म्हंजी," लालासाहेब म्हणाले, "आपल्या रानात बाजरी का पिवळी पडती, ते तिला मातीवरनं कळतंय. तेवढं शिकायला लय वर्षं लागली तिला."

"मग आधी का न्हाई लिवलंस?"

"भ्यालो," ते म्हणाले.

बनाबाईंनी देव्हाऱ्यातली जुनी पत्रिका काढून त्यांच्या हातात दिली आणि नवी तिच्या जागी ठेवली. "चहा घेऊन जा," त्या म्हणाल्या. या वेळी लालासाहेब बसून राहिले.