एक चादर कमी

लढाईमुळं कापड कंट्रोलात होतं. उमरग्याच्या बोर्डिंगात धुण्याला दिलेल्या आणि परत आलेल्या कपड्यांची मोजदाद माझ्याकडं होती. एकदा परटाकडून एक चादर कमी आली. विचारलं, तर तो खाली बघत म्हणाला, "बायको गेली, मुन्शीजी. कफनाला कापड मिळंना. तीच घातली."

मी म्हणालो, "जीर्ण म्हणून लिहितो. पण जीर्ण चादरीचे तुकडे तपासणीला दाखवावे लागतात."

"कुठनं आणू? तिच्यासंगं जळाली."

शेवटी 'परटाकडून गहाळ' असंच लिहावं लागलं. व्यवस्थापकांनी त्याचं काम काढून घेतलं. मी लई विनवलं, पण कुणी ऐकलं नाही. तो रिकामं गाढव हाकत निघून गेला.