वृंदाताईंचं वाक्य आणि निखिलेशचं नाव

वृंदा टिपणीस आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांच्याकडे एक जाडजूड शब्दकोश होता आणि चहात साखर कमी घालायची विनंती होती. शब्दकोश टेबलावर राहिला. साखर मी कमी केली.

कोथरूडमधलं ते ऑफिस म्हणजे एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या तीन खोल्या. रक्त-लघवी तपासायच्या लॅबसाठी तिथे मोबाइलवरचं अ‍ॅप बनवायचे. चहा आणि दुपारची पोळीभाजी माझ्याकडे. वृंदाताई पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. छापखाना बंद पडला आणि पन्नाशीत त्या इथे आल्या, इंग्रजीतलं मराठीत करायला. नोकरी पक्की नव्हती, अकरा-अकरा महिन्यांचा कागद. घरी अंथरुणाला खिळलेले सासरे. पक्की झाली असती तर त्यांच्या दवाखान्याचा खर्च कंपनीच्या विम्यात बसला असता, म्हणून त्या कागदाच्या तारखेकडे त्यांचा डोळा असायचा.

एकदा मी कप उचलायला गेले तर म्हणाल्या, "मावशी, हे वाचून दाखवा बरं."

मी वाचलं. 'चाचणीपूर्वी आठ तास अन्नग्रहण वर्जित.'

"काय कळलं?"

"कुणीतरी रागावलंय एवढं कळलं."

हसल्या. "अहो, सकाळी रक्त द्यायचं तर उपाशीपोटी यायचं."

"मग तसं लिहा की. आणि चहाचंही लिहा. आमच्याकडे चहा म्हणजे काय खाणं असतं का? बायका पिऊनच निघतात, मग लॅबवाला घरी पाठवतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा उचललं. लिहिलं ते असं: 'रात्रीच्या जेवणानंतर काही खाऊ नका. सकाळचा चहासुद्धा तपासणी झाल्यावरच घ्या. साधं पाणी चालेल.' मग इंग्रजीतही चहाचं घातलं. बाहेरून आलेलं इंग्रजी सुधारणारी बाई मी तेवढी एकच पाहिली.

ही वाक्यं ठेवायच्या दोन फायली होत्या, एक मराठीची, एक इंग्रजीची. वृंदाताईंनी मला समजावलं होतं. प्रत्येक ओळीत डावीकडे खुंटीचं नाव, उजवीकडे त्या खुंटीवर टांगलेला मजकूर. दोन्ही फायलींत खुंटीचं नाव एकच, मजकूर आपापल्या भाषेतला. अ‍ॅप खुंटीचं नाव सांगून मजकूर मागतं. आमच्या वाक्याच्या खुंटीचं नाव होतं 'मेसेज सतरा', इंग्रजी अक्षरांत. कुणा सोडून गेलेल्या मुलाने ठेवलेलं.

निखिलेश दाते आमचा मुख्य प्रोग्रामर. हुशार, आणि तसं त्याला माहीतही होतं. तो म्हणाला, "सतरा म्हणजे काय, कुणाला कळतं? नाव बदलून 'ब्लड टेस्ट बिफोर' करू."

"जरूर करा," वृंदाताई म्हणाल्या. "पण नाव फक्त. मजकुराला हात नको. आणि दोन्ही फायलींत, बरं का."

"ताई, मी आठ वर्षं हेच करतोय."

दुसऱ्या दिवशी वृंदाताईंनी फोन उघडला तर मराठी पडद्यावर इंग्रजी वाक्य. निखिलेशने इंग्रजी फाइल बदलली होती, कोडमध्ये जिथे जिथे नाव होतं तिथेही बदललं होतं, मराठी फाइल तेवढी विसरला होता. मराठीत खुंटी सापडली नाही की अ‍ॅप गुपचूप इंग्रजीतलं काढून दाखवतं, कुठे लाल दिवा लागत नाही. सगळ्या ऑफिसचे फोन इंग्रजीत, मराठीत फोन वापरणाऱ्या त्या एकट्या.

"निखिलेश, मराठी राहिली."

"अरे हो. आत्ता करतो. तुमचं ते 'सुद्धा' वगैरे जरा लहान करू का, पडद्यावर तीन ओळी होतात."

"अनुस्वारसुद्धा हलवायचा नाही. नाव बदलताय ना, मग नावच."

त्याने केलं. वृंदाताईंनी जुनी ओळ आणि नवी ओळ शेजारी शेजारी लावून एकेक अक्षर बोटाने तपासलं, छापखान्याची सवय. "झालं. जसंच्या तसं," म्हणाल्या. खूश होत्या. मीही झाले.

आमच्याकडे प्रत्येक ओळीची नोंद राहते. ओळीवर बोट ठेवलं की शेवटी ती कुणी बदलली त्याचं नाव दिसतं. खुंटीचं नाव आणि मजकूर एकाच ओळीत. मजकूर हलला नाही, पण ओळ बदलली. दोन्ही फायलींत त्या ओळीपुढचं वृंदा टिपणीस गेलं आणि निखिलेश दाते आलं. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी बिघडलं नसतं, असं मला तेव्हा वाटलं असतं.

मग काही महिन्यांनी आमचं अ‍ॅप वापरणाऱ्या एका मोठ्या लॅबचे लोक आले. मी चहा घेऊन आत गेले. वृंदाताई बाहेरच, कागदावरच्या लोकांना मीटिंगला बोलवत नसत. त्यातल्या बाई म्हणाल्या, "तुमचं ते चहाचं वाक्य फार छान आहे हो. उपाशी न येणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली. कुणी लिहिलं?"

सबनीस साहेब, आमचे मालक, त्यांनी लगेच मोठ्या पडद्यावर ओळ उघडली. "निखिलेश! अरे वा, मराठीही तूच?"

निखिलेशच्या हातात बिस्किट होतं. ते त्याने बशीत ठेवलं. "टीमवर्क आहे, सर."

मी ट्रे टेबलावर ठेवला. "साहेब, ते वृंदाताईंचं आहे. माझ्यासमोर लिहिलंय."

"मावशी," साहेब हसून म्हणाले, "चहा फक्कड झालाय."

सगळे हसले. निखिलेश हसला नाही, त्याने बशीतलं बिस्किट पुन्हा उचललं.

महिनाअखेरीस वृंदाताईंचा कागद संपत होता. साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, की मराठी आता आतल्या माणसाकडूनच होतंय, तेव्हा बाहेरचा खर्च कशाला. वृंदाताई बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या.

मी विचारलं, "त्या आधीचं पाहता येत नाही का? नाव बदलायच्या आधी ती ओळ कुणाची होती ते?"

"येतं की. एक पायरी मागे गेलं की माझं नाव आहे. दोन्ही फायलींत."

"मग दाखवा साहेबांना."

"दाखवलं. म्हणाले, हो का, अरेरे. पण पुढच्या वर्षाचं ठरून गेलंय." चष्मा पुसत म्हणाल्या, "मावशी, मीच म्हणाले ना, मजकुराला हात नको. कुणी लावला नाही."

शेवटच्या दिवशी त्यांनी निखिलेशला राहिलेल्या मजकुराची यादी समजावून दिली. कुठे 'आपण' लिहायचं, कुठे 'तुम्ही'. तो मान हलवत होता. जिन्यापर्यंत पिशवी घेऊन गेला, एवढं मात्र केलं. त्यांना रिक्षा मिळेपर्यंत थांबला नाही. मी थांबले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला. लघवीच्या तपासणीचा नवा मजकूर होता. "मावशी, जरा वाचता का? कळतंय का सांगा."

'प्रथम प्रवाह वगळून मध्यम नमुना संकलित करावा.'

"काय कळलं?" त्याने विचारलं.

"वृंदाताईंचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"मग त्यांना विचार. पैसे द्यायला सांग साहेबांना, आणि विचार."

त्याने फोनवर त्यांचा नंबर काढला. मग फोन खिशात घातला आणि जागेवर जाऊन बसला. मी कणीक मळायला घेतली. संध्याकाळी पाहिलं तर तेच वाक्य अ‍ॅपमध्ये गेलं होतं, त्याच्या नावाने. या वेळी नाव बरोबर होतं.